मूत्रपिंडाच्या तीव्र संसर्गात गोळी केव्हा पुरते आणि दिवस कोठून मोजायचे

प्रश्न: माझ्या पत्नीला (वय ३६, मधुमेह नाही, गर्भवती नाही) थंडी वाजून १०३ ताप आला आणि उजव्या कुशीत दुखू लागले. डॉक्टरांनी किडनीचे इन्फेक्शन सांगून ॲडमिट केले. सोनोग्राफी नॉर्मल आहे. तीन दिवस सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन चालू आहे, कालपासून ताप नाही. आता डॉक्टर म्हणतात की गोळ्या घेऊन घरी जा, एकूण सात दिवस पुरेत. आमच्या एका नातेवाइकांना याच आजारात चौदा दिवस इंजेक्शने दिली होती. किडनीचा आजार गोळीने बरा होईल का? सात दिवस कमी नाहीत का? कल्चरचा रिपोर्ट उद्या येणार आहे.

उत्तर: आपण दिलेल्या माहितीवरून डॉक्टरांचा सल्ला योग्य दिशेचा वाटतो, मात्र तो पूर्णपणे लागू पडतो की नाही हे उद्याच्या रिपोर्टवर ठरेल. मी फिजिशियन म्हणून तालुक्याच्या गावी बावीस वर्षे काम करतो आहे आणि अशा रुग्णांचे नातेवाईक घरी जाण्याच्या दिवशी हेच दोन प्रश्न विचारतात. रुग्णाला न तपासता मी औषध सुचवणार नाही. निर्णय कसा घ्यावा, तेवढे सांगतो.

आधी इंजेक्शनविषयी. इंजेक्शन म्हणजे जास्त जोरदार औषध आणि गोळी म्हणजे हलके औषध, अशी समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात मूत्रपिंडातील जंतूंपर्यंत औषध रक्तातूनच पोचते. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. औषध एकदा रक्तात पुरेशा प्रमाणात उतरले की ते शिरेतून आले की आतड्यातून, याने तेथे काहीही फरक पडत नाही. म्हणून चार गोष्टी पाहाव्यात: जंतू त्या गोळीला दाद देतो का, ती गोळी आतड्यातून रक्तात नीट उतरते का, रुग्णाच्या पोटात ती टिकते का, आणि लघवीचा मार्ग मोकळा आहे का. या चारही गोष्टी जुळत असतील तर गोळी इंजेक्शनइतकेच काम करते.

सुरुवातीला इंजेक्शन देण्याची कारणे वेगळी असतात. रुग्णाला उलट्या होत असतात, ताप १०२-१०३ असतो, रक्तदाब कोठे जाईल याची खात्री नसते आणि जंतू कोणता आहे हे दोन-तीन दिवस कळणार नसते. अशा वेळी पहिला डोस वाया जाऊन चालत नाही, म्हणून आम्ही शिरेतून सुरुवात करतो. ज्याचा रक्तदाब उतरला आहे, ज्याला श्वास लागतो आहे, जो भ्रमात बोलतो आहे किंवा ज्याची लघवी कमी झाली आहे, त्याला तर पहिल्या तासातच शिरेतून औषध सुरू झाले पाहिजे, तेथे गोळीचा विचारच करू नये. उलट धडधाकट तरुण स्त्री, पाणी आणि पेज पोटात टिकते आहे, रक्तदाब चांगला आहे, घरी लक्ष द्यायला माणूस आहे, अशी स्थिती असेल तर मी लघवीचा नमुना घेऊन इंजेक्शनचा एक डोस बाह्यरुग्ण विभागातच देतो, गोळ्यांवर घरी पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावतो.

आता गोळी कोणती, हा खरा नाजूक भाग आहे, आणि चुका बहुधा येथेच होतात. मूत्रपिंडाच्या आजारासाठी विश्वासाच्या गोळ्या मोजक्याच आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन रक्तात चांगल्या उतरतात. लिव्होफ्लॉक्सासिन तर तोंडाने घेतली तरी जवळजवळ संपूर्ण शोषली जाते. कोट्रायमॉक्झाझोल ही जुनी, स्वस्त गोळीही तशीच चांगली शोषली जाते. सेफिक्झिमसारख्या गोळ्यांचे मात्र निम्मेच किंवा त्याहून कमी औषध रक्तात पोचते. म्हणून सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन बंद करून त्याच घराण्यातली गोळी म्हणून सहजपणे सेफिक्झिम लिहिली जाते, ती अदलाबदल वाटते तितकी समान नसते. जंतू दाद देत असेल आणि दुसरी सोय नसेल तर मीही या गटातील गोळी देतो, परंतु पूर्ण मात्रेत देतो आणि रुग्णाला तीन दिवसांनी पुन्हा पाहतो.

आणखी दोन औषधांबाबत मला मुद्दाम सावध करायचे आहे: नायट्रोफ्युरंटॉइन आणि फॉस्फोमायसिनचे पाण्यात मिसळून प्यायचे पाकीट. ही दोन्ही मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी उत्तम औषधे आहेत. ती लघवीत भरपूर उतरतात, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यात त्यांची पातळी पुरेशी होत नाही. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर त्यांच्यासमोर ‘एस’ म्हणजे ‘दाद देतो’ असे जवळपास नेहमीच छापलेले असते, कारण प्रयोगशाळा जंतू आणि औषध बशीत समोरासमोर ठेवते. ते औषध आजाराच्या जागी पोचणार आहे की नाही, हे बशीला ठाऊक नसते. ताप आणि कुशीतले दुखणे असलेल्या रुग्णाला त्या ‘एस’चा उपयोग नाही.

यावरून गेल्या पावसाळ्यातील एका रुग्णाची हकिगत सांगतो. ओळख पटेल असा तपशील त्यात नाही. शेहेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिका रविवारी संध्याकाळी आल्या. ताप १०३, तीन उलट्या झालेल्या, डाव्या बरगडीखाली पाठीवर हलकी थाप मारली तरी त्या कळवळल्या. लघवीला जळजळ अजिबात नव्हती. मूत्रपिंडाच्या संसर्गात ती नसणे मुळीच दुर्मीळ नाही. नाडी ११२, रक्तदाब १०८/७०. क्रिएटिनिन ०.९, सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड किंचित सुजलेले, पण खडा किंवा तुंबलेली लघवी नव्हती. पहिल्या इंजेक्शनच्या आधी लघवीचा मधल्या धारेचा नमुना निर्जंतुक डबीत घेतला आणि सिस्टरांनी तो लगेच प्रयोगशाळेत पोचवला. नमुना दोन तासांहून अधिक काळ टेबलावर राहिला तर त्यात जंतू वाढत जातात आणि आकडा खोटा येतो. त्यानंतर सेफ्ट्रियाक्झोन सुरू केले.

मंगळवारी संध्याकाळीही ताप १०१.४ होता. बुधवारी सकाळी रिपोर्ट आला: ई. कोलाय, एक लाखाहून अधिक कॉलन्या. सेफ्ट्रियाक्झोन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन या सर्वांसमोर ‘आर’, म्हणजे दाद नाही. ‘एस’ होते ते अमिकासिन, अर्टापेनेम, मेरोपेनेम, कोट्रायमॉक्झाझोल, नायट्रोफ्युरंटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांच्यासमोर. आपल्याकडच्या रुग्णालयांत हे चित्र आता नेहमीचे झाले आहे, ई. कोलायचे निम्म्याहून अधिक नमुने सेफ्ट्रियाक्झोनच्या आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या अशा दोन्ही गटांना दाद देत नाहीत. त्या दिवशी पुन्हा खोदून विचारल्यावर बाई म्हणाल्या, "तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखत होता, तेव्हा मेडिकलवाल्याने सेफिक्झिमच्या दहा गोळ्या दिल्या होत्या." हा प्रश्न मी रविवारीच विचारायला हवा होता. गेल्या तीन महिन्यांत कोणते अँटिबायोटिक घेतले, याच्या उत्तरावर पहिले इंजेक्शन निवडले जाते, आणि मला ते आधी कळले असते तर मी त्यांना सेफ्ट्रियाक्झोन दिलेच नसते.

त्यांच्या यजमानांनी रिपोर्ट हातात घेऊन विचारले, "डॉक्टर, ही नायट्रोफ्युरंटॉइनची गोळी एसमध्ये आहे, महागही नाही, मग हीच का देत नाही?" वर लिहिलेले कारण मी त्यांना सांगितले. उलट्या अजून थांबल्या नव्हत्या, म्हणून बुधवारी अर्टापेनेम एक ग्रॅम दिवसातून एकदा शिरेतून सुरू केले. मूत्रपिंडे निकोप असल्यामुळे अमिकासिनही चालले असते, पण त्या औषधाने मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते आणि ताप-उलट्यांनी शरीर सुकलेले असताना ती शक्यता वाढते. गुरुवारी रात्री ताप पूर्ण उतरला, वरणभात पोटात टिकला. शुक्रवारी इंजेक्शन थांबवून कोट्रायमॉक्झाझोलची डबल स्ट्रेंग्थ गोळी दिवसातून दोनदा सुरू केली आणि त्यांना घरी पाठवले.

गोळी सुरू करतानाही एक अडचण होतीच. बाई रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत होत्या. टेल्मिसार्टन आणि कोट्रायमॉक्झाझोल दोन्ही रक्तातील पोटॅशियम वाढवतात आणि एकत्र आल्यावर ते धोकादायक पातळीवर जाऊ शकते. म्हणून त्या दिवसांपुरते टेल्मिसार्टन बंद करून अम्लोडिपिन दिले आणि सोमवारी पोटॅशियम व क्रिएटिनिन पुन्हा तपासले. पोटॅशियम ४.६ होते. सल्फाची ॲलर्जी आहे का, हेही या गोळीआधी विचारावेच लागते.

आता दिवस मोजण्याचा प्रश्न. बाईंच्या मते उपचार रविवारी सुरू झाला होता, म्हणून शनिवारी सात दिवस भरत होते. माझ्या हिशेबाने पहिला दिवस बुधवार होता, कारण जंतूला मारू शकणारे औषध त्या दिवशी प्रथम शरीरात गेले. आधीचे तीन दिवस सेफ्ट्रियाक्झोन दिले गेले, पण या जंतूपुरते ते मोजायचे नाहीत. बुधवार ते पुढचा मंगळवार असे सात दिवस आम्ही पूर्ण केले आणि गोळी बंद केली. ताप परत आला नाही. इंजेक्शनचे आणि गोळीचे दिवस वेगवेगळे मोजायचे नसतात हेही येथे लक्षात घ्यावे. दोन दिवस अर्टापेनेम आणि पाच दिवस गोळी मिळून एकच सात दिवसांचा उपचार होतो.

आपल्या पत्नीच्या बाबतीत उद्याच्या रिपोर्टकडे याच नजरेने पाहावे. जंतू सेफ्ट्रियाक्झोनला दाद देत असेल तर झालेले तिन्ही दिवस हिशेबात धरता येतात आणि पुढचे चार दिवस, जंतू ज्या चांगल्या शोषल्या जाणाऱ्या गोळीला दाद देतो, त्या गोळीने पूर्ण करता येतात. रिपोर्टमध्ये सेफ्ट्रियाक्झोनसमोर ‘आर’ आले तर प्रकरण जरा वेगळे होते. ताप तर उतरला आहे, मग औषध चालले नाही असे कसे म्हणायचे, असा प्रश्न आपल्याला पडेल. काही रुग्णांत ताप आपोआप उतरू लागतो आणि लघवीत औषध इतके साचते की दाद न देणारा जंतूही काही काळ दबतो. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात असे बरे वाटले तर औषध बदलण्याची गरज नसते, पण मूत्रपिंडाच्या संसर्गात मी त्यावर विसंबत नाही. दाद देणाऱ्या औषधावर जाऊन तेथून पहिला दिवस मोजतो. रिपोर्टमध्ये एकही योग्य गोळी ‘एस’ नसेल, तर उरलेले दिवस इंजेक्शननेच काढावे लागतात. अर्टापेनेम किंवा अमिकासिन दिवसातून एकदाच द्यायचे असल्याने त्यासाठी दवाखान्यात पडून राहावे लागत नाही, रोज येऊन अर्ध्या तासात घरी जाता येते. आपल्या नातेवाइकांच्या लांबलेल्या इंजेक्शनांमागे असेच काही कारण असणे शक्य आहे.

सात दिवस कमी वाटणे स्वाभाविक आहे, कारण आम्हीही शिकताना चौदा दिवसच शिकलो होतो. तो आकडा बहुतांशी सवयीने चालत आला होता. २०१२ साली स्वीडनमधील एका अभ्यासात मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या स्त्रियांना सिप्रोफ्लॉक्सासिन सात किंवा चौदा दिवस दिले गेले. सात दिवसांच्या गटात ९७ टक्के आणि चौदा दिवसांच्या गटात ९६ टक्के स्त्रिया बऱ्या झाल्या. पुढे २०२४ साली बॅलन्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तात जंतू सापडलेले ३६०८ रुग्ण होते आणि त्यांच्या संसर्गाचे सर्वांत मोठे मूळ मूत्रमार्ग हेच होते. तेथेही सात दिवस चौदा दिवसांपेक्षा कमी पडले नाहीत. म्हणून रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडला तरी, रुग्ण वेळेवर सुधारत असेल आणि अडथळा नसेल, तर मी आता सात दिवसांवर थांबतो. लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलीग्रॅमच्या पूर्ण मात्रेत दिले आणि जंतू दाद देत असेल तर पाच दिवसही पुरतात.

जास्तीचे सात दिवस निरुपद्रवी नसतात, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांच्या क्विनोलोन गटातील गोळ्यांनी स्नायुबंध दुखावतात, प्रसंगी टाचेमागचा बंध तुटतो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते. आपल्या देशात आणखी एक धोका आहे. क्विनोलोन क्षयरोगाच्या जंतूवरही अर्धवट काम करतात, त्यामुळे मूत्रपिंडाचा क्षय असलेला रुग्ण महिना-दोन महिने बरा झाल्यासारखा वाटतो आणि निदान लांबते. लघवीत पू-पेशी भरपूर, पण कल्चर वारंवार निरंक, असे असेल तर क्विनोलोन देण्याआधी मी क्षयाचा विचार करतो.

सात दिवस कोणाला पुरत नाहीत, हेही सांगायला हवे. मूत्रवाहिनीत खडा अडकून वरची लघवी तुंबलेली असेल तर कोणतेही अँटिबायोटिक कितीही दिवस दिले तरी भागत नाही; आधी स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून ती लघवी मोकळी करावी लागते, आणि दिवसांची मोजणी तेथून सुरू होते. मूत्रपिंडात गळू झाले असेल तर उपचार कित्येक आठवडे चालतो आणि शेवट पुन्हा काढलेल्या प्रतिमा पाहून ठरवावा लागतो. मधुमेही रुग्णांत कधी कधी मूत्रपिंडात वायू तयार होतो, तो सोनोग्राफीत निसटू शकतो आणि सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो. गर्भवती स्त्रीला रुग्णालयात ठेवून इंजेक्शनने सुरुवात करतात, क्विनोलोन टाळतात आणि एकूण चौदा दिवस उपचार करतात.

तापासह मूत्रसंसर्ग झालेल्या पुरुषांबाबत मी जास्त सावध असतो, कारण प्रोस्टेटमध्ये जंतू लपून राहू शकतात. फ्रान्समधील एका अभ्यासात अशा पुरुषांना ऑफ्लॉक्सासिनचे सात दिवस चौदा दिवसांच्या तुलनेत अपुरे पडले. अलीकडची मार्गदर्शक मते प्रोस्टेटचा संसर्ग नसलेल्या पुरुषांनाही सात दिवस मान्य करतात, पण प्रोस्टेट सुजलेले किंवा दुखरे असेल, किंवा तशी शंका पुसून टाकता येत नसेल, तर मी चौदा दिवसच देतो.

योग्य औषध सुरू झाल्यावर ताप बहुधा ४८ ते ७२ तासांत उतरतो. ७२ तासांनंतरही १०१ च्या वर ताप चढत राहिला तर दोनच मुख्य शक्यता उरतात: औषध जंतूला लागू नाही, किंवा आत कोठेतरी लघवी वा पू अडकला आहे. अशा वेळी तेच औषध आणखी आठवडाभर लांबवणे ही चूक ठरते. रिपोर्ट पुन्हा पाहावा आणि सीटी स्कॅन करावा.

घरी गेल्यावर गोळीची वेळ चुकवू नका. क्विनोलोन गोळी दिली असेल तर दूध, लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचे पातळ औषध तिच्याबरोबर घेऊ नका, कारण ही सर्व तिचे शोषण अडवतात. गोळी आधी घेऊन निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना कळवावे. कुशीत मंद दुखणे आणि थकवा आठवडाभर, कधी दोन आठवडेही राहतो. तेवढ्यासाठी गोळ्या वाढवून घेऊ नयेत. पुन्हा थंडी वाजून ताप आला, पाणीसुद्धा पोटात टिकेनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

उपचार संपल्यावर लघवीची तपासणी करून घ्यावी का, हा आपला पुढचा प्रश्न असेल असे गृहीत धरतो. गर्भवती स्त्री वगळता, बरे वाटत असलेल्या रुग्णाला मी ती सांगत नाही. लघवीत आठ-दहा पू-पेशी काही दिवस राहू शकतात आणि तेवढ्या आकड्याकडे पाहून पुन्हा अँटिबायोटिक सुरू केल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्रास पुन्हा सुरू झाला तरच, आणि तोही नव्या गोळीच्या आधी, कल्चरसाठी नमुना द्यावा. आणि उद्याचा रिपोर्ट जपून ठेवावा, कारण तेव्हा पहिले औषध त्यावरूनच निवडले जाईल.